लपवलेली ओळ आणि न दिलेली ओळ: प्रत्येक शाखेला फक्त तिच्यापुरता तक्ता कसा द्यायचा

पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयात दर सोमवारी थकबाकीचा तक्ता निघतो. मी ज्या संस्थेत हे काम शिकलो तिथे त्याची पद्धत ठरलेली होती. सीबीएसमधून काढलेला डेटा एका फाईलमध्ये चिकटवायचा, शाखानिहाय बेरजा तपासायच्या आणि तीच फाईल सहाही शाखाधिकाऱ्यांना उघडून द्यायची. प्रत्येकाने फिल्टर लावून आपली शाखा निवडायची आणि वसुलीला लागायचं.

त्या फाईलमध्ये प्रत्येक थकीत कर्जदाराचं नाव होतं, जामीनदाराचं नाव होतं, येणे बाकी होती, किती हप्ते थकले तेही होतं. एका जामीनदाराच्या घरी मुलीचं लग्न ठरत होतं. त्याच सुमारास, त्याने जामीन दिलेलं कर्ज थकलंय ही बातमी पलीकडच्या तालुक्यात जाऊन पोचली. त्याचं खातं ज्या शाखेत होतं तिथून ती गेली नव्हती. दुसऱ्याच शाखेत कुणीतरी फिल्टर काढून सगळा तक्ता वाचला होता. चूक त्या वाचणाऱ्याची होतीच, पण त्याच्या हातात ती ओळ दिली होती मुख्य कार्यालयाने, म्हणजे आम्ही.

त्यानंतर प्रत्येक शाखेला फक्त तिच्याच ओळी दिसतील अशी व्यवस्था बसवायला आम्हाला जवळजवळ दोन महिने लागले. वेळ गेला तो मुख्यतः एका गैरसमजात. ओळ लपवली म्हणजे काम झालं असं आम्ही धरून चाललो होतो.

लपवल्याने काय होतं

एक्सेलमध्ये ओळ लपवता येते, टॅब लपवता येतो, `Protect Sheet` करून पासवर्ड घालता येतो. हे सगळं केलं की फाईल बंदिस्त वाटते. पण डेटा त्याच फाईलमध्ये असतो, आणि फाईल समोरच्याच्या कॉम्प्युटरवर असते. लपवलेल्या टॅबचं नाव माहीत असेल तर दुसऱ्या कोऱ्या फाईलमधून त्या टॅबकडे बोट दाखवणारा साधा फॉर्म्युला लिहिला की मजकूर येतो. शीटला लावलेलं संरक्षण सुरक्षेसाठी नाही, असं मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या मदत पानांवर लिहिलेलं आहे. कुणाच्या हातून चुकून फॉर्म्युला पुसला जाऊ नये, एवढ्यासाठी ते आहे. अख्ख्या फाईलला उघडण्याचा पासवर्ड लावला तर ते कुलूप खरं असतं, पण ते पूर्ण फाईलचं असतं. ज्याच्याकडे किल्ली त्याला सगळं घर मोकळं.

गुगल शीटमध्येही तेच. तिथलं `Protect range` फक्त कोण बदल करू शकतो ते ठरवतं, कोण वाचू शकतो ते ठरवत नाही. `Filter view` ही प्रत्येकाची आपापली मांडणी. एकाने फिल्टर लावला म्हणून दुसऱ्याचा पडदा हलू नये यासाठी ती सोय आहे. नावात ‘व्ह्यू’ असल्यामुळे पुष्कळ जण इथे फसतात, आम्हीही फसलो. वाचण्याची परवानगी एक्सेलमध्ये आणि गुगल शीटमध्ये पूर्ण फाईललाच दिली जाते. ओळीला वेगळी परवानगी देण्याची सोय या दोन्हींत नाही. हे एकदा पक्कं समजलं की पुढच्या पुष्कळ वाटा आपोआप बाद होतात.

एक वाट मात्र बाद झाल्यासारखी वाटत नाही, म्हणून ती जवळून दाखवतो. आम्ही मूळ डेटाचा टॅब पूर्ण काढून टाकला. फाईलमध्ये फक्त एक पिव्होट टेबल ठेवलं, त्यात फलटण शाखा निवडली आणि ती फाईल फलटणला पाठवली. पाठवताना मन निर्धास्त होतं, कारण फाईलमध्ये कुठेच इतर शाखांची एकही ओळ दिसत नव्हती. फलटणच्या शाखाधिकारी बाईंनी दुपारी फोन केला. “अहो, मी शाखेच्या खालच्या बाणावर क्लिक केलं तर कराड, वाई सगळंच येतंय.” त्यांनी सगळ्या शाखा निवडल्या आणि खालच्या एकूण बेरजेवर डबल क्लिक केलं. एक नवा टॅब उघडला आणि त्यात सगळ्या शाखांची सगळी खाती, नावांसकट, ओळीने उभी राहिली.

याचं कारण असं की पिव्होट टेबल स्वतःपाशी मूळ डेटाची एक प्रत बाळगतं. मूळ टॅब काढला तरी ती प्रत फाईलमध्ये राहते, आणि बेरजेवर डबल क्लिक केलं की एक्सेल त्या प्रतीतून बेरजेमागच्या ओळी काढून मांडतं. बाईंनी फोन केला म्हणून आम्हाला कळलं. त्यांनी केला नसता तर आणखी कित्येक सोमवार तशीच फाईल जात राहिली असती.

त्या दिवसापासून आम्ही एकच कसोटी ठेवली. शाखेच्या हाती पडणाऱ्या फाईलमध्ये परक्या ओळी मुळात पोचल्याच नाही पाहिजेत. पोचल्यावर झाकायचा प्रश्न उरायला नको.

खिडकीची रचना

सहा शाखांसाठी आम्ही जे बसवलं ते गुगल शीटवर, वेगळा खर्च न करता. उदाहरणातले आकडे समजायला सोपे जावेत असे घेतो. समजा मूळ फाईलमध्ये 1,842 खाती आहेत, शाखा `B01` ते `B06` आहेत, आणि फलटण म्हणजे `B03`, जिची 287 खाती आहेत. मूळ फाईलमध्ये `Data` नावाचा टॅब आहे. पहिल्या कॉलममध्ये खाते क्रमांक, दुसऱ्यात शाखा कोड, मग कर्जदार, जामीनदार, मंजूर रक्कम, येणे बाकी, थकीत हप्ते आणि शेवटचा भरणा.

शाखेचं नाव न घेता कोड घ्यायचं कारण साधं आहे. नाव कुणी ‘फलटण’ लिहितं, कुणी ‘फलटण शाखा’, कुणाकडून शेवटी एक मोकळी जागा सुटते, आणि मग ती ओळ कुठल्याच शाखेत जात नाही.

बहुतेक जण इथे पहिला उपाय करतात तो असा. फलटणसाठी वेगळी फाईल काढायची आणि तिच्यात `IMPORTRANGE` वापरून मूळ फाईलमधून फक्त `B03` च्या ओळी ओढून आणायच्या. दिसायला हे अगदी बरोबर दिसतं. फलटणच्या फाईलमध्ये 287 ओळी येतात, मूळ फाईल फलटणला शेअरही केलेली नसते.

भोक आहे ते परवानगीत. पहिल्यांदा `IMPORTRANGE` लिहिलं की गुगल विचारतं, या फाईलला त्या फाईलशी जोडायचं का? आपण हो म्हणतो. ती परवानगी फॉर्म्युल्याला मिळत नाही, फाईलला मिळते. म्हणजे फलटणच्या फाईलमध्ये बदल करण्याचा हक्क असलेला कुणीही दुसऱ्या रिकाम्या खान्यात नवा `IMPORTRANGE` लिहून मूळ फाईलमधला कुठलाही भाग ओढू शकतो. मूळ फाईलचा पत्ता शोधायलाही लागत नाही, तो पहिल्या फॉर्म्युल्यात लिहिलेलाच असतो. आणि शाखेला बदलाचा हक्क द्यावाच लागतो, कारण वसुलीचे शेरे त्यांनाच भरायचे असतात.

म्हणून मध्ये एक फाईल घालायची. आम्ही तिला खिडकी म्हणायचो आणि अजूनही म्हणतो. फलटणची खिडकी ही मुख्य कार्यालयाची फाईल, शाखेला ती शेअर केलेली नाही. तिच्यात एकच फॉर्म्युला, `W` नावाच्या टॅबवर पहिल्या खान्यात:

```
=QUERY(IMPORTRANGE("MASTER_URL","Data!A1:H"),
 "select * where Col2='B03'",1)
```

आणि शाखेच्या फाईलमध्ये, जी शाखाधिकारी उघडतात, तिच्यात:

```
=IMPORTRANGE("WINDOW_B03_URL","W!A1:H")
```

आता शाखेची फाईल जोडलेली आहे ती खिडकीशी. तिथे कुणी कितीही नवे फॉर्म्युले लिहिले तरी त्याला खिडकीत आहे तेवढंच मिळतं, आणि खिडकीत फक्त फलटण आहे. मूळ फाईलपर्यंत हात पोचायला परवानगीच नाही. सहा शाखांसाठी सहा खिडक्या आणि सहा शाखा-फाईली, म्हणजे बारा फाईली. ऐकायला जास्त वाटतं, पण एकदा बांधल्या की सोमवारी फक्त मूळ फाईलमध्ये डेटा चिकटवायचा. मूळ फाईलमध्ये पुढच्या कॉलमांत मोबाईल नंबर, आधार असं काही असेल तर तेही इथेच थांबतं, कारण खिडकीने `H` पर्यंतच मागितलं आहे.

बदल शाखेपर्यंत त्या क्षणी पोचतो असं नाही. दोन पायऱ्या असल्याने थोडा उशीर लागतो. आठवड्याच्या थकबाकीसाठी तो चालतो, तासातासाच्या रोख शिलकीसाठी ही रचना वापरू नये.

एक खबरदारी इथेच सांगितली पाहिजे. शाखेची फाईल कोऱ्या फाईलपासून सुरू करा. मूळ फाईलची प्रत काढून तिच्यातल्या परक्या ओळी पुसायच्या, हा सोपा वाटणारा मार्ग घेऊ नका. `File → Version history` उघडलं की पुसण्याआधीची फाईल जशीच्या तशी दिसते, आणि बदलाचा हक्क असलेल्या प्रत्येकाला ते पान उघडता येतं.

दुसरी खबरदारी मालकीची. खिडक्या संस्थेच्या खात्यावर बनवा, माझ्या किंवा तुमच्या वैयक्तिक जीमेलवर नको. जोडणीची परवानगी ज्याने दिली, त्याचा मूळ फाईलवरचा हक्क काढला की जोडणी तुटते आणि शाखेत सोमवारी सकाळी आकड्यांच्या जागी `#REF!` दिसतं. माणूस नोकरी सोडून जातो, त्याचं खातं बंद होतं आणि सहा शाखा एकदम आंधळ्या होतात.

ओळी आल्या, पण सगळ्या आल्या का?

परकं काही दिसत नाही याची खात्री आपण करतो, पण आपलं सगळं दिसतंय का हे बघायचं राहून जातं. वसुलीच्या दृष्टीने दुसरी चूक जास्त महाग पडते, कारण न दिसलेल्या खात्याकडे कुणीच जात नाही.

आमच्याकडे खाते क्रमांक दोन तऱ्हेचे होते. बहुतेक नुसते आकडे, पण सोने तारणाच्या जुन्या खात्यांना `G-1187` असे क्रमांक. `QUERY` ची एक सवय आहे. एका कॉलममध्ये आकडे आणि अक्षरं मिसळलेली असतील तर बहुसंख्य जे असेल ते धरायचं आणि बाकीचे खाने रिकामे मानायचे. त्यामुळे फलटणच्या तक्त्यात ओळी 287 च आल्या, पण सहा ओळींत खाते क्रमांकाचा खाना कोरा. कर्जदाराचं नाव आहे, बाकी आहे, क्रमांक नाही. शाखा कोडच्या कॉलममध्ये अशी भेसळ असती, म्हणजे कोड `3` असा ठेवला असता आणि तो काही ठिकाणी आकडा व काही ठिकाणी अक्षर म्हणून भरला गेला असता, तर खाना कोरा न राहता अख्ख्या ओळी गायब झाल्या असत्या, आणि ते डोळ्यांना कळलंही नसतं.

उपाय दोन. सीबीएसचा डेटा चिकटवण्याआधी मूळ फाईलमधले खाते क्रमांकाचा आणि शाखा कोडचा हे दोन कॉलम `Format → Number → Plain text` करून ठेवायचे, आणि चिकटवताना `Ctrl+Shift+V` ने फक्त मजकूर चिकटवायचा, म्हणजे ती मांडणी मोडत नाही. आणि मुख्य कार्यालयाच्या एका तपासणी टॅबवर प्रत्येक खिडकीतले भरलेले खाते क्रमांक मोजायचे. आमच्या उदाहरणात ते 412, 365, 287, 341, 198 आणि 239 यायला हवेत, बेरीज 1,842. त्या सोमवारी फलटणला 281 आले होते आणि बेरीज 1,836. फरक सहाचा, आणि सहा जुनी सोने तारण खाती. मोजणी नसती तर ही चूक मार्चएंडला ऑडिटरने काढली असती.

येणे बाकीची बेरीजही अशीच ताडून बघावी, कारण त्या कॉलममध्ये एखाद्या खान्यात ‘शून्य’ असं अक्षरात लिहिलेलं असेल किंवा रकमेपुढे ‘रु.’ असेल तर तो खानाही असाच कोरा होतो.

शेरे घसरतात

शाखाधिकाऱ्यांना तक्त्याशेजारी शेरा लिहायचा असतो. फलटणच्या बाईंनी चौदाव्या ओळीपुढे लिहिलं, ‘ऊस बिल आल्यावर भरतो म्हणाले.’ पुढच्या सोमवारी वरच्या एका कर्जदाराने पूर्ण बाकी भरली आणि तो तक्त्यातून गेला. सगळ्या ओळी एक घर वर सरकल्या. शेरा मात्र तिथेच राहिला, कारण तो हाताने लिहिलेला होता. आता ऊस बिलाचं आश्वासन एका शिक्षकाच्या नावापुढे लागलं, आणि ज्यांनी खरोखर तसं सांगितलं होतं त्यांच्या दारात वसुली कर्मचारी दुसऱ्या दिवशी जाऊन उभा राहिला.

फॉर्म्युल्याने येणाऱ्या ओळींशेजारी हाताने काहीही लिहायचं नाही, हा नियम त्यातून आला. शाखेच्या फाईलमध्ये `Shera` नावाचा वेगळा टॅब ठेवला. पहिल्या कॉलममध्ये खाते क्रमांक, दुसऱ्यात तारीख, तिसऱ्यात शेरा. मुख्य तक्त्यावर `I` कॉलमच्या दुसऱ्या ओळीत एक फॉर्म्युला, जो खाते क्रमांक बघून शेरा उचलतो:

```
=ARRAYFORMULA(IF(A2:A="","",
 IFERROR(VLOOKUP(A2:A,Shera!A:C,3,FALSE),"")))
```

आता ओळ कुठेही सरकली तरी शेरा तिच्याबरोबर जातो. हा फॉर्म्युला वरून पहिला सापडेल तो शेरा घेतो, म्हणून नवा शेरा नेहमी वर लिहायचा. आणि `Shera` टॅबचा पहिला कॉलमही `Plain text` असला पाहिजे, नाहीतर तिकडचा `4521` हा आकडा आणि इकडचा `4521` हा मजकूर एकमेकांना ओळखत नाहीत.

शाखेला शाखेबाहेरचं काय दिसावं

हे सुरू झाल्यावर महिन्याभरात सगळ्या शाखाधिकाऱ्यांची एकच मागणी आली. आमच्या ओळी दिसतात ते ठीक, पण आम्ही इतरांच्या तुलनेत कुठे आहोत ते कळत नाही. ती मागणी रास्त होती. वसुलीत आपला नंबर कितवा हे कळलं तर माणूस जोर लावतो.

त्यासाठी सगळ्या शाखांचा सारांश वेगळ्या फाईलमध्ये दिला. प्रत्येक शाखेची एक ओळ, एकूण येणे बाकी, थकबाकीचं प्रमाण, खात्यांची संख्या. नावं नाहीत. ही फाईल मूळ फाईलशी थेट जोडलेली नसावी. बेरजा मुख्य कार्यालयाच्या फाईलमध्ये करायच्या आणि तयार आकडेच पुढे द्यायचे, म्हणजे तिच्यामागे ओळी नसतात आणि डबल क्लिक करून काही निघत नाही.

बेरजेतूनही माणूस ओळखू येतो, हे मात्र आम्हाला उशिरा लक्षात आलं. आम्ही सारांश कर्जप्रकारानुसार फोडला होता. एका छोट्या शाखेत वाहन कर्जाचं एकच थकीत खातं होतं. त्या शाखेच्या ओळीत ‘वाहन कर्ज, खाती 1’ आणि पुढे रक्कम. गावात थकलेला ट्रॅक्टर एकच असेल तर नाव लिहायची गरज उरत नाही. तसंच एका विभागात दोनच शाखा असतील तर विभागाच्या बेरजेतून स्वतःचा आकडा वजा केला की दुसऱ्या शाखेचा आकडा हातात येतो. शाखांच्या बेरजा उघड करायला हरकत नव्हती, म्हणून दुसरी गोष्ट आम्ही तशीच ठेवली. पहिलीसाठी मात्र नियम केला, की पाचपेक्षा कमी खाती असलेला प्रकार ‘इतर’मध्ये जाईल. पाच हा आकडा आमच्या बैठकीत ठरला. तुमच्या गावाच्या आकाराप्रमाणे तुम्ही तो ठरवा.

शाखा वाढल्या तर

सहा शाखांना बारा फाईली झेपतात. चाळीस शाखांना ऐंशी झेपत नाहीत. वर विभागीय अधिकारी आले, ज्यांना तीन-तीन शाखा दिसल्या पाहिजेत, की प्रत्येकासाठी वेगळी खिडकी सांभाळणं अवघड होतं. तिथे ओळीनुसार परवानगी ज्यात मुळातच आहे असं साधन घ्यावं. पॉवर बीआयमध्ये ती आहे. परवाना घ्यावा लागतो, पण रचना फारच सुटसुटीत होते. एक तक्ता बनवायचा, `BranchAccess`, दोन कॉलमांचा, ईमेल आणि शाखा कोड. फलटणच्या ईमेलपुढे एक ओळ, विभागीय अधिकाऱ्याच्या ईमेलपुढे तीन ओळी. मग खात्यांच्या तक्त्यावर एका रोलमध्ये हा नियम:

```
[BranchCode] IN SELECTCOLUMNS(
  FILTER(BranchAccess,
    BranchAccess[Email] = USERPRINCIPALNAME()),
  "c", BranchAccess[BranchCode])
```

रिपोर्ट एकच राहतो. कोण लॉगिन झालंय हे `USERPRINCIPALNAME()` सांगतं, त्याच्या वाट्याचे कोड तक्त्यातून मिळतात आणि इतर ओळी त्याच्यापर्यंत येतच नाहीत. त्याने एक्सेलमध्ये काढून घेतलं तरी त्याच्याच ओळी निघतात.

इथली ठरलेली चूक परवानगी देताना होते. वर्कस्पेसमध्ये `Admin`, `Member` किंवा `Contributor` म्हणून घेतलेल्या माणसाला हा नियम लागूच होत नाही, त्याला सगळं दिसतं. नियम फक्त `Viewer` ला लागतो, किंवा ज्यांना अ‍ॅपमधून केवळ बघण्यापुरता रिपोर्ट दिला आहे त्यांना. शाखाधिकाऱ्याला काहीतरी दिसत नाही म्हणून फोन येतो, घाईत कुणीतरी त्याला `Member` करून टाकतं, रिपोर्ट दिसू लागतो आणि विषय संपला असं वाटतं. त्या क्षणापासून त्याला चाळीसही शाखा दिसत असतात. दिसत नसेल तर आधी `BranchAccess` मधला ईमेल तपासा, मग रोलमध्ये त्याचं नाव घातलंय का ते बघा.

तपासणी शाखेच्या खुर्चीत बसून

आपल्या लॉगिनने तपासून काही उपयोग नाही, कारण आपल्याला सगळंच दिसतं. संस्थेच्या खात्यांत एक जादा खातं तपासणीसाठी ठेवा. त्याला फलटणचे हक्क द्या, गुप्त विंडोत त्या खात्याने लॉगिन करा आणि वाईट हेतूचा माणूस काय करेल ते करा. फलटणच्या फाईलमध्ये रिकाम्या खान्यात मूळ फाईलचा पत्ता घालून `IMPORTRANGE` लिहा. `#REF!` आलं पाहिजे. खिडकीचा पत्ता थेट ब्राउझरमध्ये टाका. परवानगी नाही असं पान आलं पाहिजे. `Version history` मध्ये सगळ्यात जुन्या नोंदीपर्यंत जाऊन बघा. मग वाईचा शाखा कोड पूर्ण फाईलमध्ये शोधा. एकही सापडता कामा नये. पाऊण तासाचं काम आहे, आणि रचनेत काहीही बदललं की ते पुन्हा करायचं.

बदली

आमच्याकडे बदल्या जूनमध्ये होतात, आणि सगळी व्यवस्था ढिली पडते ती तेव्हाच. फलटणचा अधिकारी कराडला गेला, कराडची फाईल त्याला मिळाली, फलटणची काढून घ्यायची राहिली. वर्षा-दोन वर्षांत एका माणसाकडे तीन शाखा जमा होतात आणि कुणाच्या लक्षात येत नाही, कारण जास्त दिसण्याची तक्रार कुणी करत नाही.

फाईल व्यक्तीच्या ईमेलला शेअर न करता शाखेच्या गुगल ग्रुपला केली की हे सांभाळायला सोपं जातं. फलटणचा एक ग्रुप, त्यात आज जो त्या खुर्चीत आहे तो. बदलीचा आदेश निघाला की ग्रुपमधलं एक नाव काढायचं, एक घालायचं, फाईलींना हात लावायचा नाही. पॉवर बीआयमध्ये तेच काम `BranchAccess` मधली एक ओळ बदलून होतं. आम्ही हे चार्जलिस्टमध्ये घातलं आहे, तिजोरीच्या किल्ल्या आणि स्टॅम्पपेपरच्या नोंदीच्या खालोखाल. जुन्या अधिकाऱ्याचं नाव ग्रुपमधून निघाल्याची तारीख तिथे लिहिली जाते आणि त्यापुढे देणाऱ्याची व घेणाऱ्याची, दोघांची सही होते. त्याच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतलेल्या जुन्या फाईली मात्र यातून परत येत नाहीत. म्हणून त्याच कागदावर आणखी एक ओळ आहे, ‘शाखेच्या माहितीच्या सर्व प्रती पुसल्या’, आणि तिच्यापुढे फक्त जाणाऱ्या अधिकाऱ्याची सही.